सात दिवसांचे मोजमाप, फ्लिकर नॉइज आणि चॉपर : बेसलाइन नेमकी कशामुळे सरकते?

उष्मामापक

नमस्कार. सिमेंटच्या हायड्रेशनची उष्णता मोजण्यासाठी आम्ही प्रयोगशाळेत एक समतापी कॅलरीमीटर स्वतः जुळवला आहे. सहा ग्रॅम सिमेंटची पेस्ट एका कुपीत असते, कुपीखाली उष्माप्रवाहाचा सेन्सर म्हणून पेल्टिअर मोड्यूल आहे, आणि त्याच्यापासून साधारण १ मिलीवॅटला १०० मायक्रोव्होल्ट मिळतात. पहिल्या दिवशीचे शिखर २० मिलीवॅटच्या आसपास, म्हणजे २ मिलीव्होल्ट जाते, पण सातव्या दिवशी प्रवाह जेमतेम १ मिलीवॅट उरतो. पुढे OP07C हा ऑप-ॲम्प ५०० पट गेनवर लावला आहे आणि दर दहा सेकंदांना सरासरी काढून एक नोंद घेतली जाते.

अडचण अशी, की कुपीत निष्क्रिय वाळू ठेवली तरी बेसलाइन दिवसरात्रीत ५ ते ६ मायक्रोव्होल्ट सरकते. हे ऐकायला थोडे वाटते, परंतु आम्ही प्रवाहाचे सात दिवसांचे संकलन करतो. ५ मायक्रोव्होल्टची चूक सतत राहिली तर ०.०५ मिलीवॅट गुणिले ६,०४,८०० सेकंद म्हणजे ३० ज्यूल होतात, म्हणजेच ग्रॅममागे ५ ज्यूल. सात दिवसांची एकूण उष्णता ग्रॅममागे ३०० ज्यूलच्या घरात असताना ही चूक दीड टक्क्याहून जास्त ठरते.

माझा समज असा आहे, की हा फ्लिकर नॉइज आहे. डेटाशीटवरून OP07 ची कॉर्नर फ्रिक्वेन्सी दीड हर्ट्झच्या आसपास निघते आणि आमचे सगळे मोजमाप त्याच्या कितीतरी खाली आहे. फ्रिक्वेन्सी शून्याकडे गेली की १/f अनंताकडे जातो, मग सात दिवसांच्या मोजमापात तो किती धरायचा? आणि चॉपर-स्टॅबिलाइझ्ड ॲम्प्लिफायर लावल्यास हा प्रश्न मुळातून सुटेल का?

सरासरीवाला

माझ्या मते इतका खर्च करण्याची गरज नाही. दहा सेकंदांऐवजी दहा मिनिटांची सरासरी घ्यावी. सिमेंट काही मिलिसेकंदात प्रतिक्रिया देत नाही, आणि नॉइज हा नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो हे सर्वमान्य आहे. साठपट नमुने घेतले की नॉइज जवळजवळ आठपट खाली येईल.

ध्वनिवेडा

कमी नॉइजच हवा असेल तर LT1028 घ्यावा. १ किलोहर्ट्झला ०.८५ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ, OP07 च्या दशांशाहूनही कमी. माझ्या फोनो प्रीॲम्पमध्ये तो लावल्यापासून रेकॉर्ड थांबल्यावर स्पीकरला कान लावला तरी काही ऐकू येत नाही.

टीपकागद

सिमेंटचे गाणे ऐकायचे नसून त्याचा ताप मोजायचा आहे, ध्वनिवेडा.

जुनी_नळी

उष्मामापक यांनी आकडे दिले आहेत, त्यामुळे बोलणे सोपे झाले. प्रथम सरासरीवाला यांच्या मुद्द्याविषयी. वर्गमुळाचा नियम व्हाइट नॉइजला लागू पडतो, कारण तिथे प्रत्येक नमुन्यातील चूक आधीच्या चुकीपासून स्वतंत्र असते. फ्लिकर नॉइजमध्ये शेजारचे नमुने एकमेकांना धरून चालतात. दहा मिनिटांची सरासरी घेतली, तर त्या दहा मिनिटांत जे काही एका बाजूला झुकले असेल ते सरासरीतही झुकलेलेच राहते. कॉर्नरच्या खाली सरासरीचा काळ दहापट केला तरी हाती जवळजवळ काही लागत नाही.

आता 'अनंता'विषयी. १/f अनंताकडे जातो हे गणितात खरे, पण आपण कधीच शून्य हर्ट्झला मोजत नाही. सात दिवसांच्या मोजमापाला खालची सीमा एक भागिले सात दिवस, म्हणजे सुमारे १.६५ मायक्रोहर्ट्झ धरता येते. वरची सीमा दहा सेकंदांच्या सरासरीमुळे ०.०५ हर्ट्झ धरू. मग हिशेब असा:

```
e_rms = e_w * sqrt( fc*ln(fH/fL) + (fH - fL) )
      = 9.6 nV * sqrt( 1.5*10.3 + 0.05 )
      ≈ 38 nV
```

शिखर ते शिखर हवे असेल तर ६.६ ने गुणावे. येतात अडीचशे नॅनोव्होल्ट, म्हणजे पाव मायक्रोव्होल्ट. लॉगरिदम फार सावकाश वाढतो, त्यामुळे सात दिवसांऐवजी सात वर्षे मोजले तरी हा आकडा दीडपटही होत नाही. आपली बेसलाइन मात्र ५ ते ६ मायक्रोव्होल्ट सरकते आहे. तेव्हा आरोपी दुसराच आहे.

रात्री प्रयोगशाळेतील वातानुकूलन बंद होते का, आणि तापमानात किती फरक पडतो, हे कळवावे.

उष्मामापक

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. कॅलरीमीटरचा धातूचा ठोकळा पाण्याच्या स्थिर तापमानाच्या टाकीत आहे, परंतु ॲम्प्लिफायरची पेटी बाहेर टेबलावर असते. रात्री वातानुकूलन बंद होते आणि उन्हाळ्यात खोली २४ वरून ३२ अंशांपर्यंत जाते.

जुनी_नळी

मग कोडे बरेचसे उलगडले. OP07C चा ऑफसेट ड्रिफ्ट सामान्यतः अंशाला अर्धा मायक्रोव्होल्ट असतो आणि डेटाशीट त्याहून तिप्पट-चौपट ड्रिफ्टलाही मुभा देते. आठ अंशांना चार मायक्रोव्होल्ट इथेच झाले.

'ड्रिफ्ट' आणि 'फ्लिकर' आलेखावर दिसायला सारखेच असतात, कारण दोन्ही रेषा सावकाश वाहवत जातात. पण एकाला कारण आहे आणि ते थर्मामीटरवर दिसते, दुसऱ्याला तसे बाहेरचे कारण नाही. म्हणून बेसलाइनच्या शेजारी पेटीतील तापमानही नोंदवा आणि दोन्ही एकमेकांसमोर मांडा. सरळ रेषा आली तर ऑप-ॲम्पचा किंवा रेझिस्टरचा ड्रिफ्ट आहे. रेषेऐवजी फुगीर वळसा आला, म्हणजे तापमान चढताना एक वाट आणि उतरताना दुसरी, तर कुठेतरी दोन धातूंच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक पडतो आहे आणि तो उशिरा भरून निघतो आहे. नुसता ठिपक्यांचा ढग आला तरच फ्लिकरचे नाव घ्यावे.

सरासरीवाला

जुनी_नळी काका, फ्लिकरविषयी आपले म्हणणे पटले. पण मग ड्रिफ्ट तापमानाशी सरळ रेषेत असेल तर तापमान मोजून ती चूक गणिताने वजा करता येईल. त्यासाठी चॉपर कशाला?

जुनी_नळी

करता येते आणि अनेक जण करतातही. अडचण अशी, की पेटीत जिथे थर्मामीटर आहे तिथले तापमान आणि सिलिकॉनच्या चकतीचे तापमान एकत्र हलत नाही, आणि चिप बदलली की उतारही बदलतो. दहापैकी नऊ भाग वजा होतील, शेवटचा एक भाग हट्टी असतो. उष्मामापक यांना ५ वरून अर्ध्या मायक्रोव्होल्टवर यायचे असेल तर हा मार्ग पुरेसा आहे, मायक्रोव्होल्टच्या दशांशापर्यंत जायचे असेल तर नाही.

ध्वनिवेडा

माझ्या सूचनेकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही म्हणून पुन्हा विचारतो. LT1028 चा कॉर्नर साडेतीन हर्ट्झ आहे, OP07 चा दीड. कॉर्नर जास्त असल्यामुळे तो सात दिवसांच्या मोजमापाला वाईट, असे समजायचे का?

सिलिकॉनवाली

प्रश्न चांगला आहे. मी म्युनिकमध्ये ॲनालॉग चिप डिझाइनचे काम करते आणि हा गैरसमज आमच्याकडे नव्याने आलेल्यांमध्येही दिसतो. कॉर्नर फ्रिक्वेन्सी हा स्वतःचा असा गुण नव्हे, तो दोन रेषांचा छेदनबिंदू आहे. व्हाइट नॉइज खाली आणला आणि फ्लिकर आहे तसाच ठेवला तर कॉर्नर वर सरकतो, पण चिप काही वाईट होत नाही. उलट व्हाइट नॉइज वाढवून कॉर्नर खाली आणून दाखवता येतो आणि तेवढाच आकडा जाहिरातीत छापता येतो.

फ्लिकरची खरी पातळी पाहायची तर व्हाइट नॉइजचा वर्ग गुणिले कॉर्नर असा गुणाकार करावा. OP07 साठी तो १३८ येतो, LT1028 साठी अडीच. काकांच्याच सूत्रात LT1028 घातला तर सात दिवसांचा फ्लिकर जेमतेम ५ नॅनोव्होल्ट आरएमएस निघतो. त्यामुळे फ्लिकरपुरते ध्वनिवेडा यांचे म्हणणे बरोबर आहे. पण त्याच्या ऑफसेटचा ड्रिफ्टही अंशाला दशांश मायक्रोव्होल्टांत आहे. ८ अंशांच्या फरकात तो दीड-दोन मायक्रोव्होल्ट हलेल, आणि ५ नॅनोव्होल्टच्या फ्लिकरचा काही उपयोग होणार नाही.

चॉपर इथे उपयोगी पडतो तो मुख्यतः तापमानाच्या ड्रिफ्टसाठी. फ्लिकर जातो, हा त्यासोबतचा लाभ. आणि तसे होणे स्वाभाविक आहे, कारण चॉपरच्या दृष्टीने ऑफसेट, त्याचा ड्रिफ्ट आणि फ्लिकर हे एकाच जातीचे आहेत: ॲम्प्लिफायरच्या आत जन्मलेली, चॉपिंगच्या एका फेऱ्यात न बदलणारी चूक. सिग्नल आत शिरताना स्विचांनी त्याची दिशा सतत उलटसुलट केली जाते, बाहेर पडताना ती पुन्हा सरळ केली जाते. सिग्नल दोनदा उलटला म्हणून जसाच्या तसा परततो. आतली चूक एकदाच उलटते, म्हणून ती चॉपिंगच्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन बसते आणि तिथून ती गाळता येते. अट एवढीच, की चॉपिंगची फ्रिक्वेन्सी आतल्या ट्रान्झिस्टरांच्या कॉर्नरच्या बरीच वर असावी. सीमॉस ट्रान्झिस्टरांचा कॉर्नर अनेक किलोहर्ट्झवर असू शकतो, त्यामुळे आजच्या चिप शंभर-दोनशे किलोहर्ट्झवर चॉप करतात.

जुनी_नळी

यात एक भर घालतो. ही युक्ती निर्वात नळ्यांच्या काळापासूनची आहे. नळ्यांमधील फ्लिकर जॉन्सन यांनी १९२५ साली नोंदवला होता. १९५० साली आरसीएच्या एडविन गोल्डबर्ग यांनी रुंद पट्ट्याच्या डीसी ॲम्प्लिफायरला चॉपरची जोड देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जलद भाग नळ्यांचा मुख्य ॲम्प्लिफायर सांभाळत असे, आणि थरथरणाऱ्या संपर्कांच्या रिलेवर चालणारी दुसरी, संथ वाट त्याचा शून्यबिंदू जागेवर आणून ठेवत असे. ॲनालॉग संगणकांमध्ये इंटिग्रेटर घरंगळू नये म्हणून त्याची गरज होती. उष्मामापक यांची गरजही नेमकी इंटिग्रेटरचीच आहे, फक्त संकलन कॅपॅसिटरऐवजी संगणकात होते.

काटेवाला_कोल्हापूर

मी वजनकाटे दुरुस्त करतो, शिक्षण आयटीआयपर्यंतचे आहे, त्यामुळे सूत्रांमध्ये पडत नाही. पण हा रोग आमच्याकडेही आहे. साखर कारखान्याच्या वे-ब्रिजवर दुपारी पत्रा तापला की रिकामा काटा दहा-वीस किलो दाखवू लागतो. नव्या इंडिकेटरमध्ये लोडसेलला दिलेले व्होल्टेजच उलटसुलट करण्याची सोय असते. ती चालू केल्यापासून केबलच्या जोडांमधील दोषही निघून गेला, कारण नुसता ॲम्प्लिफायर चॉप केला असता तर जंक्शन बॉक्समधला दोष तसाच राहिला असता. आपणही तसेच करावे, असे सुचवतो.

सिलिकॉनवाली

काटेवाला दादा, आपण सांगितलेला उपाय लोडसेलसाठी सर्वांत उत्तम आहे, आणि का उत्तम आहे तेही आपण अचूक सांगितले आहे. परंतु तो इथे चालणार नाही. लोडसेल बाहेरून दिलेल्या व्होल्टेजवर चालतो, म्हणून ते उलटले की सिग्नल उलटतो आणि जोडांमधील उष्माविद्युत व्होल्टेज उलटत नाही, त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखता येतात. पेल्टिअर मोड्यूल इथे स्वतःच उष्माविद्युत स्रोत आहे. सिमेंटची उष्णता उलटी वाहवता येत नाही. सेन्सरच्या तारा पहिल्या स्विचपर्यंत येताना वाटेत जो काही दोष मिसळेल, तो सिग्नलसारखाच दिसेल आणि कोणताही चॉपर तो काढू शकणार नाही.

काटेवाला_कोल्हापूर

समजले. म्हणजे उष्मामापक साहेबांनी आधी जोडच नीट करायला हवेत.

उष्मामापक

सर्वांच्या सूचना वाचून तापमानाच्या नोंदी सुरू केल्या आहेत. दरम्यान ADA4528 मागवला आहे. त्याचा ड्रिफ्ट अंशाला जास्तीत जास्त ०.०१५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे आठ अंशांना ०.१२ मायक्रोव्होल्ट होतो. तो ५ व्होल्टवर चालतो आणि आमचा सिग्नल ५०० पटीने १ व्होल्टच्या आसपास येत असल्याने ती मर्यादा चालेल. सध्याच्या बोर्डावर दोन्ही इनपुटच्या वाटेत संरक्षणासाठी १० किलोओहमचे एकेक रेझिस्टर आहेत. बायस करंटमुळे होणारी चूक दोन्हीकडे सारखी होऊन कटावी म्हणून ते मुद्दाम समान ठेवले आहेत. नवी चिप त्याच जागी बसवावी असा विचार आहे.

सिलिकॉनवाली

कृपया तसे करू नये. समान रेझिस्टरचा नियम OP07 सारख्या बायपोलर चिपसाठी काही अंशी लागू पडतो, चॉपरला तो उलटा लागतो.

चॉपरच्या इनपुटवरचा बायस करंट हा बहुतेक स्विचांच्या गेटमधून प्रत्येक उलटापालटीला सांडणाऱ्या थोड्या विद्युतभारामुळे तयार होतो. त्याची सरासरी दोन इनपुटवर विरुद्ध दिशेने येते. ADA4528 च्या डेटाशीटमध्ये ऑफसेट करंट हा बायस करंटच्या दुप्पट दिलेला आढळेल, त्याचे कारण हेच. ५ व्होल्टवर सामान्य बायस ९० पिकोॲम्पिअर धरला तर १० किलोओहमवर ०.९ मायक्रोव्होल्ट पडतात, आणि दुसऱ्या बाजूचे ०.९ त्यातून वजा न होता त्यात मिळतात. १.८ मायक्रोव्होल्ट! ज्या चिपचा स्वतःचा ऑफसेट जास्तीत जास्त अडीच मायक्रोव्होल्ट आहे, तिला रेझिस्टरमुळे तेवढीच चूक भेट द्यायची हे बरे नव्हे. शिवाय हा करंटही तापमानाने बदलतो.

संरक्षणासाठी १०० ओहम पुरतील. पेल्टिअरचा स्वतःचा रोध काही ओहमच आहे, त्यामुळे १०० ओहमवर ही चूक १८ नॅनोव्होल्ट एवढीच राहील.

जुनी_नळी

अगदी हेच लिहायला बसलो होतो. एवढेच जोडतो, की ते १० किलोओहम सध्याच्या OP07 ला देखील अपाय करत आहेत, आणि मी वर दिलेल्या हिशेबात ते धरलेले नाहीत. करंट नॉइजला स्वतःचा वेगळा कॉर्नर असतो आणि तो व्होल्टेज नॉइजच्या कॉर्नरपेक्षा बराच वर असतो. OP07 च्या डेटाशीटमध्ये १ किलोहर्ट्झला ०.१२ आणि १० हर्ट्झला ०.३२ पिकोॲम्पिअर प्रति वर्गमूळ हर्ट्झ दिले आहेत. त्यावरून कॉर्नर ६० हर्ट्झच्या आसपास निघतो. तोच हिशेब सात दिवसांसाठी केला तर सुमारे ३ पिकोॲम्पिअर आरएमएस येतात. १० किलोओहमवर ते ३० नॅनोव्होल्ट होतात आणि दोन्ही वाटा मिळून चाळीसच्या वर जातात. म्हणजे चिपच्या व्होल्टेज फ्लिकरपेक्षाही रेझिस्टरवर उमटणारा करंट फ्लिकर थोडा मोठा आहे. एकूण आकडा अजूनही मायक्रोव्होल्टच्या आतच राहतो, त्यामुळे मूळ निष्कर्ष बदलत नाही. पण बायस करंटचा तापमानाने होणारा बदलही याच रेझिस्टरवर उमटतो आणि तो जास्त लक्ष देण्याजोगा आहे.

टीपकागद

एक शंका. चॉपर दोनशे किलोहर्ट्झवर खडखडत असेल तर तो खडखडाट पुढे एडीसीमध्ये जाऊन दुसऱ्याच रूपात खाली उतरणार नाही का? दाराबाहेर काढलेला पाहुणा खिडकीतून आत येण्याचा प्रकार.

सिलिकॉनवाली

येऊ शकतो. हल्लीच्या चिपमध्ये ती लहर आतच दाबणारी वाट असते, आणि ५०० पट गेनवर ॲम्प्लिफायरचा पट्टाच काही किलोहर्ट्झचा उरतो, त्यामुळे दोनशे किलोहर्ट्झचे फारसे बाहेर पडत नाही. तरीही एडीसीच्या आधी एक साधा आरसी फिल्टर ठेवावा. ज्या जुन्या चिप केवळ ऑटो-झीरो पद्धतीने चालतात, म्हणजे आधी चूक साठवून नंतर वजा करतात, त्यांच्यात रुंद पट्ट्याचा नॉइज नमुने घेताना घडी पडून खाली उतरतो आणि कमी फ्रिक्वेन्सीवरची पातळी वाढते. चॉपिंगमध्ये हा दोष फार कमी असतो.

ध्वनिवेडा

तरी व्हाइट नॉइजच्या बाबतीत चॉपर मागेच आहे ना? साडेपाच-सहा नॅनोव्होल्ट कुठे आणि ०.८५ कुठे.

जुनी_नळी

ऑडिओसाठी नक्कीच मागे आहे, आणि तुमच्या प्रीॲम्पमध्ये तो लावण्याचा सल्ला मी कधीच देणार नाही. इथे मात्र पट्टा ०.०५ हर्ट्झचा आहे. सहा नॅनोव्होल्ट गुणिले ०.०५ चे वर्गमूळ केले तर सव्वा-दीड नॅनोव्होल्ट येते.

उष्मामापक

निकाल कळवतो. आधी OP07 च्या बोर्डावर, १० किलोओहमच्या अलीकडे, म्हणजे सेन्सरच्या बाजूला, इनपुट तांब्याच्या तुकड्याने जोडून ठेवले आणि पेटीचे तापमान नोंदवत राहिलो. बरीच सरळ रेषा आली, उतार अंशाला ०.७ मायक्रोव्होल्ट. मग तोच तांब्याचा तुकडा रेझिस्टरच्या पलीकडे, थेट चिपच्या पायांपाशी डाखला. उतार ०.५ वर आला. उरलेला ०.२ अर्थातच रेझिस्टरमधून येत होता. आठ अंशांना ०.७ धरला की ५.६ मायक्रोव्होल्ट होतात, म्हणजे वाळूच्या कुपीवर दिसणारी सरक जवळजवळ पूर्णपणे जुळली.

मग १०० ओहमच्या रेझिस्टरांसह ADA4528 बसवला. इनपुट जोडलेले असताना तापमानासमोर मांडलेल्या आलेखात उतार ओळखूच येत नाही, ठिपक्यांचा अरुंद पट्टा दिसतो. परंतु सेन्सर जोडून वाळूची कुपी ठेवली, की साधारण ०.४ मायक्रोव्होल्टचा फुगीर वळसा परत येतो. सकाळी खोली थंड होताना एक वाट, रात्री तापताना दुसरी. टाकीचे तापमान मात्र स्थिर आहे.

काटेवाला_कोल्हापूर

पेटीवर कोणता कनेक्टर आहे?

उष्मामापक

साधा डी-टाइप. सेन्सरच्या तांब्याच्या तारा त्याला डाखल्या आहेत आणि आतून बोर्डापर्यंत पिनांची पट्टी आहे.

काटेवाला_कोल्हापूर

मग तो काढून टाका आणि तांब्याची तार थेट बोर्डाच्या तांब्यावर डाखा. आमच्याकडे हाच पहिला उपाय असतो.

जुनी_नळी

काटेवाला यांच्याशी सहमत. तांबे आणि कथील-शिसे यांच्या डाखाला अंशाला १ ते ३ मायक्रोव्होल्ट पडतात, कोव्हारच्या पायांना चाळीस, आणि तांब्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइड चढला असेल तर हजारापर्यंत जाते. दोन पिनांमध्ये अंशाच्या दशांशाचा फरक पडला तरी आपला ०.४ भरून निघतो. दोन्ही तारांचे जोड शेजारी-शेजारी ठेवावेत, एकाच धातूच्या ठोकळ्याला विद्युतरोधक पातळ थर लावून चिकटवावेत आणि वर कापूस किंवा फोम ठेवून वारा अडवावा.

सिलिकॉनवाली

मला कनेक्टरबद्दल तितकी खात्री नाही. टाकी स्थिर असली तरी सेन्सरच्या तारा टाकीतून खोलीत येतात आणि त्यांच्यातून थोडी उष्णता ठोकळ्याच्या आत-बाहेर वाहते. खोली बदलली की ती वाहणारी उष्णता बदलते आणि सेन्सर ती प्रामाणिकपणे मोजतो. ०.४ मायक्रोव्होल्ट म्हणजे ४ मायक्रोवॅट. तांब्याच्या जाड तारेतून एवढी गळती सहज होऊ शकते. तसे असेल तर तो विद्युत दोष नव्हेच, ती खरी उष्णता आहे, आणि कनेक्टर काढून काहीही फरक पडणार नाही.

जुनी_नळी

शक्य आहे, पण मग वळसा कशाला पडेल? तारेतील गळती तापमानामागे जेमतेम काही मिनिटे रेंगाळेल.

सिलिकॉनवाली

ठोकळा किती जड आहे यावर ते अवलंबून आहे. काही किलो ॲल्युमिनियम असेल तर तासांमध्ये रेंगाळू शकते. दोन्ही शक्यता वेगळ्या करता येतील. पेटीच्या कनेक्टरवर सेन्सरच्या दोन तारा एकमेकींच्या जागी बदलाव्यात आणि नोंदींचे चिन्ह संगणकात उलटावे. तारेतील गळती सेन्सरच्या अलीकडची आहे, ती सिग्नलसोबत दोनदा उलटून तशीच राहील. कनेक्टरपासून आतला दोष तारांच्या अदलाबदलीने उलटत नाही, त्यामुळे नोंदीत त्याचे चिन्ह बदललेले दिसेल. फक्त दोन्ही वेळा खोलीचे तापमान सारख्याच पद्धतीने बदलले पाहिजे, नाहीतर तुलना फसवी होईल.

सरासरीवाला

म्हणजे हाताने केलेले चॉपिंगच झाले की हे, आठवड्यातून एकदा.

सिलिकॉनवाली

अगदी तेच. रिले लावून दर काही मिनिटांनी केले तर ते कायमचेही करता येते, मात्र रिले लॅचिंग प्रकारचा घ्यावा, नाहीतर कॉइल गरम होऊन रिलेच्या संपर्कांवरच नवे मायक्रोव्होल्ट तयार होतात.

जुनी_नळी

रिलेची गरज इथे मला वाटत नाही. ०.४ मायक्रोव्होल्ट म्हणजे सात दिवस एकाच दिशेला राहिला तरी ग्रॅममागे ०.४ ज्यूल, आणि हा तर दिवसातून एकदा वर जाऊन खाली येतो, म्हणून संकलनात बराचसा आपोआप कटतो. संकलनात उरतो तो आठवड्याची सरासरी आणि बेसलाइन घेतली त्या काळाची सरासरी यांतील फरक. म्हणून वाळूची बेसलाइन दुपारी दोन तासांत उरकू नये, पूर्ण चोवीस तासांची घ्यावी.

उष्मामापक

बेसलाइन आम्ही आतापर्यंत सकाळी दहा ते बारा अशीच घेत आलो आहोत. ती आता चोवीस तासांची घेतो. ठोकळा चार किलो ॲल्युमिनियमचा आहे. तारांची अदलाबदल सोमवारी सुरू करतो आणि दोन्ही आलेख इथेच टाकतो.